प्रेस लाइनवर डाय बदलायला दोन तास : यातलं बंद मशीनवरचं काम खरं किती?

पन्हाळा_रोड (धागाकर्ता)

शिरोली एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. एका ओळीत तीन मेकॅनिकल प्रेस : १५० टनीवर ब्लँकिंग, २०० टनीवर फॉर्मिंग, १०० टनीवर पिअर्सिंग. माल म्हणजे ट्रॅक्टर-ट्रेलरचे ब्रॅकेट, बहुतेक ३ एमएम एचआर शीट. डाय चारशे ते सहाशे किलोच्या. एक ब्रॅकेट संपवून दुसरा लावायचा म्हटलं की लाइन सुमारे दोन तास बंद. आजवर ३००० च्या लॉटवर ते खपून जायचं. आता गिऱ्हाईक म्हणतंय, आठवड्याचा माल एकदम नको, थोडा थोडा रोज द्या.

मशीन बंद ठेवूनच करायची कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं वेगळी करा, हे ऐकून आहे. फळ्यावर दोन रकाने आखले आणि सेटरला विचारलं. त्याने सगळी कामं एकाच रकान्यात टाकली. म्हणाला, "प्रेस थांबल्याबिगर मी काय करणार?" ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, हे ठरवायचं कसं?

---

उद्यमनगरचा_जुना

सेटर खोटं बोलत नाही. त्याला कामाची जी सवय आहे, तीच तो सांगतोय. फळा बाजूला ठेव. एका डाय बदलाचा मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढ. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस पडला तिथे घड्याळ सुरू, नव्या जॉबचा पहिला ओके पीस हातात आला तिथे बंद. "डाय बसली" इथे थांबवलंस तर खरा वेळ लपतो.

शूटिंग २०० टनीवर कर, कारण लाइन सगळ्यात उशिरा तयार होणाऱ्या प्रेससाठी थांबते आणि तुझ्याकडे तो फॉर्मिंगचाच असणार. सेटरला आधी विश्वासात घे. तो बघायचाय म्हणून नाही, तो कशाकशासाठी ताटकळतो ते बघायचंय म्हणून शूटिंग आहे. नाहीतर गडी त्या दिवशी पळत पळत काम करेल आणि तुझ्या हाती खोटे आकडे येतील.

---

कागल_फाइव्ह_स्टार

कशाला एवढा कुटाणा? हायड्रॉलिक क्लॅम्प बसवा. बटण दाबलं की डाय धरली, बटण दाबलं की सुटली. आमच्या शेजारच्या शॉपला बसवलेत, बघत राहावं असं काम आहे. दोन तासांचे पंधरा मिनिटं होतील.

---

भट्टीवाला

आमचा धंदा फाउंड्रीचा, तरी अनुभव सांगतो. शेल कोअरचा बॉक्स बदलला की तो मशीनवरच तापवायचो. अडीचशे अंशाच्या आसपास जाईपर्यंत मशीन आणि माणूस दोघं उभे. मग मशीनशेजारी एक साधी गॅस बर्नरची चौकट केली आणि पुढचा बॉक्स आधीच तिथे तापत ठेवायला लागलो. मशीनवर चढवला की थोड्या वेळात कोअर सुरू. तुमच्याकडे पण डाय आधी गरम करून ठेवा, फरक पडेल.

---

उद्यमनगरचा_जुना

@भट्टीवाला, यांचं काम थंड पत्र्याचं आहे, डाय तापवायची गरज नाही. पण तुम्ही केलंत ते अगदी याच प्रश्नातलं. तापवणं टळलं नाही, ते मशीनवरून खाली आलं.

@कागल, क्लॅम्पवर येऊ. आधी त्याचा व्हिडिओ येऊ दे.

---

पन्हाळा_रोड

काढला. २०० टनीचा हिशेब असा, मिनिटांत :

शेवटचा पीस पडल्यावर सेटरला शोधणं, भरलेल्या बिना हलवणं, टॅग लिहिणं – ९
जुन्या डायचे बोल्ट सोडणं – ८
फोर्कलिफ्टची वाट – १४
जुनी डाय ओढून काढणं आणि रॅकला नेणं – ७
नवी डाय रॅकमधून काढणं (तिच्यावर दुसरी डाय होती) – १२
बोल्स्टर आणि डायचा तळ पुसणं – ५
डाय चढवणं, मध्यात आणणं – ११
योग्य उंचीचं पॅकिंग आणि लांबीचे टी-बोल्ट शोधणं – १३
क्लॅम्प आवळणं – ९
शट हाइट लावणं – ८
ब्लँकची बिन येणं – ६
ट्रायल, पहिला पीस क्यूसीत नेणं, दुरुस्ती, पुन्हा क्यूसी – १८

बेरीज १२०. बोल्ट शोधायला तेरा मिनिटं जातात यावर वडिलांचा विश्वास बसेना, त्यांनी व्हिडिओ दोनदा लावून बघितला.

---

वाचनवेडा_इचलकरंजी

ही पद्धत जन्मालाच एका हरवलेल्या बोल्टवर आली म्हणा ना. १९५० साली हिरोशिमात तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, तिथल्या ८०० टनी प्रेसवर जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो डाय बदल बघत उभे होते. डाय धरायचा एक बोल्ट सापडेना. कामगार कारखानाभर हिंडला आणि शेवटी दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून लावला. आतलं म्हणजे बंद मशीनवरचं आणि बाहेरचं म्हणजे चालू मशीनवर उरकणारं काम, ही विभागणी त्यांनी तिथून धरली. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले.

---

उद्यमनगरचा_जुना

तीन मिनिटांचं आपण सोडून देऊ. त्याच्यामागे ठरावीक मापाच्या डाय, भरपूर माणसं आणि बरीच वर्षं होती.

आता तुझी यादी. प्रत्येक ओळीला एकच विचार : हे करताना हात, हत्यार किंवा डाय या प्रेसच्या स्लाइड आणि बोल्स्टरच्या मध्ये जातं का? जात नसेल तर ते काम प्रेस चालू असताना झालं पाहिजे. सेटर शोधणं आणि टॅग ९, फोर्कलिफ्ट १४, नवी डाय काढणं १२, बोल्ट-पॅकिंग शोधणं १३, ब्लँक ६. झाले ५४. जुन्या डायच्या ७ मधली ओढून बाहेर काढण्याची ३ खरी. रॅकपर्यंतची ४ नवा जॉब सुरू झाल्यावरही चालतात. ट्रायलच्या १८ मधला क्यूसीकडे जाण्यायेण्याचा आणि तिथे थांबण्याचा वेळ ८ धरतो, व्हिडिओत बघून सांग. म्हणजे ६६ मिनिटं प्रेस उगाच बंद होता. उरले ५४.

आता @कागल. क्लॅम्प कुठल्या ओळींना हात लावतो? सोडणं ८, आवळणं ९. फुकटात मिळाला आणि शून्य वेळात चालला, तरी १२० मधले १७ वाचतील. तुमच्या शेजाऱ्याचे पंधरा मिनिटं फक्त क्लॅम्पने आलेले नाहीत. त्याने बाकीचं काहीतरी आधी केलेलं असणार, ते विचारून या.

---

कागल_फाइव्ह_स्टार

विचारलं. त्यांच्या सगळ्या डायचा क्लॅम्प धरायचा काठ एकाच जाडीचा आहे म्हणे, आणि डाय ठेवायला रोलर आहेत. तरी मी म्हणतो, क्लॅम्प वाईट नाही.

---

उद्यमनगरचा_जुना

वाईट कुठे म्हटलं? आत्ताच नको एवढंच. काठ सारखा नसेल तर हायड्रॉलिक क्लॅम्पखाली पण पॅकिंग शोधत बसशील.

---

पाना_२४

मी स्वतः सेटर आहे, गोकुळ शिरगावला. आम्ही एक युक्ती करतो. लॉटचे शेवटचे चाळीस-पन्नास पीस राहिले की चारपैकी दोन बोल्ट सोडून ठेवायचे, डाय दोनवर धरून राहती. प्रेस थांबला की दोनच सोडायचे. म्हणजे बोल्ट सोडायचं कामपण चालू मशीनवर आलं, बरोबर ना काका?

---

उद्यमनगरचा_जुना

नाही. अजिबात नाही. हे आजपासून बंद करा.

वरची डाय स्लाइडला लटकलेली असते. दर स्ट्रोकला पंच सुटताना पत्रा तिला खाली ओढतो. तो ओढा चार बोल्टांसाठी धरलेला असतो, तो दोनावर आला की ते ताणतात आणि सैल होतात. पाचशे किलोची डाय अर्ध्या बोल्टांवर. नशीब चांगलं असलं तर फक्त पंच आणि डायची रेषा हलते, कडेला एका बाजूला जाड बर येते आणि पंचाची धार जाते. नशीब वाईट असलं तर काय होतं ते मी एका कारखान्यात बघितलंय, इथे लिहिणार नाही.

डाय धरणारी कुठलीही गोष्ट बंद मशीनवरच सुटायची. फ्लायव्हील थांबलेलं, मेन स्विच बंद करून कुलूप, आणि हात आत जायच्या आधी सेफ्टी ब्लॉक लावलेला. दहा मिनिटं वाचवायला काम या यादीतून त्या यादीत ढकललं म्हणून ते बाहेरचं होत नाही. बोल्ट सोडायला वेळ लागतो कारण मोठे आटे फिरवावे लागतात. त्याला उपाय : लांबी ठरलेले बोल्ट, म्हणजे नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवरच आवळायचं-सोडायचं; आणि प्रेसच्या पुढे-मागे एकेक माणूस, म्हणजे सेटरला मशीनभोवती फेऱ्या माराव्या लागत नाहीत. पण दोन माणसं असली की इंचिंगचं बटण एकाच्याच ताब्यात आणि चावी त्याच्याच खिशात.

---

पाना_२४

बरं काका. सुपरवायझरच सांगायचा तसं करायला. दाखवतो त्याला हे.

---

हिशेबनीस_राजारामपुरी

एक व्यावहारिक प्रश्न. दोन तास ३००० पीसवर वाटले तर पीसमागे २.४ सेकंद. १००० चा लॉट केला आणि सेटिंग ५४ मिनिटांवर आणलं, तरी पीसमागे ३.२ सेकंद. म्हणजे एवढी मेहनत करून खर्च वाढलाच. त्यापेक्षा ६००० चा लॉट मारा आणि माल ठेवून रोज थोडा पाठवा. गिऱ्हाईक खूश, सेटिंग निम्मी.

---

पन्हाळा_रोड

गणित बरोबर आहे, जागा नाही. शिवाय जून ते सप्टेंबर शिरोलीतल्या हवेत बिना भरमसाठ नेऊन ठेवल्या की तेल लावूनही पंधरवड्यात गंजाचे डाग. मग घासायला माणूस. आणि सहा हजारांत बेंडचा कोन चुकलेला निघाला तर सहाच्या सहा हजार तपासायचे.

---

उद्यमनगरचा_जुना

हिशेबनीसांनी एक आकडा मात्र दिला. लॉट एक तृतीयांश करायचा तर सेटिंगही एक तृतीयांश हवं, म्हणजे ४०. तेच तुझं लक्ष्य धर. पंधरा नको, तीन नको. आणि हेही बघ की ही लाइनच तुझं अडलेलं ठिकाण आहे का. पुढे वेल्डिंगला ढीग साचत असेल तर प्रेसचे वाचलेले तास तो ढीग वाढवण्यात जातील. लहान लॉटसाठी वापरलेस तरच ते कामी येतील.

---

गेजवाली

मी क्यूसीत आहे, त्या १८ मिनिटांबद्दल बोलते, कारण दोष आमच्यावर येतो. सेटर पीस घेऊन येतो तेव्हा मी दुसऱ्या लाइनचं मोजत असते, ड्रॉइंग शोधायचं असतं, फिक्स्चर कपाटात असतं. आम्ही केलेला बदल साधा आहे. लॉटचे शेवटचे दोनेकशे पीस राहिले की लाइनवाला आम्हाला सांगतो. मग फिक्स्चर, गेज, ड्रॉइंग ट्रॉलीवर घालून मीच प्रेसशेजारी उभी राहते. पीस पडला की तिथेच मापते.

दुसरं, प्रत्येक डायसोबत मागच्या लॉटचा शेवटचा पीस तारेने बांधलेला ठेवा. बर किती वाढली, कोन किती सरकला, सगळं त्यावर दिसतं. धार लावायची असेल तर ती आत्ता लावायची, पुढच्या सेटिंगच्या वेळी नाही. बिघडलेली डाय रॅकला तशीच गेली की तुमचं ट्रायल १८ चं ५० कधी होतं कळत नाही, आणि ते सगळं बंद मशीनवर.

---

पन्हाळा_रोड

ताई, ही तारेची गोष्ट सोमवारपासून करतो.

काका, ५४ वरून ४० वर यायचं तर उरलेल्या खऱ्या कामात हात घालावा लागणार. शट हाइटची ८ आणि मध्यात आणायची ११ मोठी दिसतात. २०० टनीवर तीन मुख्य डाय आहेत, शट हाइट ३१०, ३२५ आणि ३४० एमएम. दर वेळी स्लाइड वर-खाली करून लावतो.

---

उद्यमनगरचा_जुना

तिन्ही एकाच उंचीवर आण. ३५० धर. ३१० च्या डायखाली ४० ची ग्राउंड प्लेट, ३२५ खाली २५ ची, ३४० खाली १० ची, स्क्रूने कायमची जोडून. मग स्लाइड हलवायचीच नाही. सगळ्या प्लेटा एकाच लांबी-रुंदीच्या ठेवल्यास तर दोन फायदे आणखी : डायचा जो काठ क्लॅम्प धरतो तो सर्वत्र एकाच उंचीवर आणता येतो, म्हणजे एकच पॅकिंग, एकच बोल्ट. आणि प्लेटच्या मागच्या कडेला दोन खाचा, बोल्स्टरवर दोन पिना. डाय मागे ढकलली, खाचा पिनांना टेकल्या, झाली मध्यात. टेप लावून इकडून-तिकडून मोजणं संपलं.

आता जिथे लोक अडकतात ते. तुझ्या फॉर्मिंग डायला खालून कुशन पिना आहेत का? असतील तर डाय ४० ने वर गेली की पिना पण ४० ने लांब लागतील, आणि सगळ्या तंतोतंत एका मापाच्या. एक जरी आखूड राहिली तर प्रेशर पॅड तिरका होतो आणि ब्रॅकेट एका बाजूला सुरकुततो किंवा फाटतो. लोक मग शट हाइटला दोष देत बसतात.

वजन बघ. ६०० बाय ४५० ची ४० एमएम प्लेट पंचाऐंशी किलो भरते. सहाशेच्या डायला ती लावल्यावर तुझी फोर्कलिफ्ट आणि रॅकचा कप्पा ते पेलतात का, आधी तपास.

---

टूलरूम_सांगली

थोडं वेगळं मत. १५० टनीच्या ब्लँकिंगला ही समान उंची उत्तम, पण धार लावली की डाय तेवढी कमी होते. अर्धा एमएम घासला तर अर्ध्या एमएमची शिम प्लेटखाली गेली पाहिजे आणि डायवर तारखेसह लिहिलं पाहिजे. टूलरूमने हे केलं नाही तर सेटर परत स्लाइड फिरवणार, आणि एकदा फिरवली की पुढच्या डायला तीच खाली राहिलेली स्लाइड मिळणार. मेकॅनिकल प्रेसमध्ये डाय टेकली तरी स्लाइडला खालचं टोक गाठायचंच असतं, मग प्रेस अडकतो नाहीतर ओव्हरलोडचं काहीतरी तुटतं. म्हणून समान उंची केली तरी पहिला स्ट्रोक इंचिंगनेच.

फॉर्मिंगला मात्र शून्य ॲडजस्टमेंट हे स्वप्नच आहे. तळाला दाबून कोन काढायचा असतो, तिथे एक-दोन दशांश एमएमने कोन फिरतो. एचआर शीटची जाडी कॉइलगणिक बदलते, स्प्रिंगबॅक बदलतो. काका म्हणतात तसं ८ चं शून्य होणार नाही, दोन-तीन होतील.

---

उद्यमनगरचा_जुना

मान्य, फॉर्मिंगला शेवटची बारीक पट्टी राहणारच. पण १५ ते ३० एमएमचा फेर संपून दशांशात आलो, हेही कमी नाही. शिम मात्र सेटरच्या खिशात नको, टूलरूममध्येच. तिथे आमचं एकमत आहे.

---

पन्हाळा_रोड

सध्याची स्थिती लिहितो. प्लेटा अजून कापायला दिलेल्या नाहीत, कुशन पिनांचं कोटेशन बघतोय. फक्त कामं बाहेर काढली. प्रत्येक डायची एक ट्रॉली : तिचे बोल्ट, पॅकिंग, पाने, स्क्रॅप चूट, सगळ्यांच्या बाह्याकृती पत्र्यावर रंगवलेल्या, म्हणजे काय नाही ते बघताक्षणी दिसतं. शेवटचे दोनशे पीस राहिले की हेल्पर नवी डाय प्रेसशेजारी आणून तळ पुसून ठेवतो. क्यूसीवाली ट्रॉली घेऊन येते. रॅकमध्ये डायवर डाय ठेवणं बंद केलं, त्यासाठी दोन कप्पे वाढवले.

मागच्या बदलाला ७० लागले. हिशेबाने ५४ यायला हवे होते. १६ कुठे गेले ते व्हिडिओत स्पष्ट आहे : फोर्कलिफ्ट. नवी डाय आधी आणून ठेवली, पण जुनी काढायच्या वेळी गाडी ट्रकवर माल चढवत होती.

---

हिशेबनीस_राजारामपुरी

दुसरी फोर्कलिफ्ट घेणार?

---

पन्हाळा_रोड

१६ मिनिटांसाठी? वडील मला शिरोलीच्या नाक्यावर उभं करतील.

---

पाना_२४

प्रेसच्या उंचीला जमणारं, स्क्रूने वर-खाली होणारं रोलरचं टेबल करा दादा, दोन कप्प्यांचं. जुनी डाय एका कप्प्यात ओढायची, टेबल सरकवायचं, दुसऱ्यातली नवी आत ढकलायची. जुनी डाय रॅकला नंतर कधीही जाईल. आमच्याकडे १०० टनीला आहे. फक्त टेबल बोल्स्टरला हुकने अडकवा, नाहीतर डाय ढकलताना टेबलच मागे सरकतं आणि डाय मधल्या फटीत.

---

उद्यमनगरचा_जुना

हे चांगलं सांगितलंस. टेबल सहाशे अधिक पंच्याऐंशी किलोच्या हिशेबाने कर, तेही दोन्ही कप्पे भरलेले धरून. आणि बोल्स्टरमध्ये बॉल रोलर नसतील तर एवढी जड डाय दोघांना हाताने ढकलवणार नाही. तुझ्या बोल्स्टरच्या टी-स्लॉटची रुंदी आणि खोली मोजून टाक, त्यात स्प्रिंगवर उचलणारे रोलर बसतात का ते बघू.

---

गेजवाली

आणि हेल्पर एकच आहे ना? तिन्ही प्रेसच्या डाय शेवटच्या दोनशे पीसांत तोच आणणार, तर त्याचं नेहमीचं बिना भरायचं काम तेवढा वेळ कोण करतंय? आमच्याकडे तिथेच फिसकटलं होतं.

---

पन्हाळा_रोड

ताई, सध्या सुपरवायझर करतोय आणि रोज कुरकुरतोय. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. काका, स्लॉटची मापं उद्या टाकतो.